उसाच्या ट्रॉलीचा लाल दिवा: रेझिस्टन्स किती ओहमचा हे कळलं, पण किती वॅटचा?

बारा व्होल्टवर एलईडीची माळ लावायची तर किती ओहमचा रेझिस्टन्स लागतो, हे हल्ली कोणीही मोबाइलवर काढतो. दुकानदार मात्र पुढचा प्रश्न विचारतो, "किती वॅटचा देऊ?" तिथे बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "द्या पाव वॅटचा." पुष्कळदा ते चालूनही जातं. चालत नाही तेव्हा दिवा महिना-दीड महिना छान पेटतो आणि मग एका रात्री, ऐन रस्त्यावर, अर्धा विझलेला सापडतो.

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न गळीत हंगामात फार जवळचा होतो. कागल, शिरोळ, करवीर, कुठल्याही बाजूला रात्री निघा, उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतातच. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसावी म्हणून रेडियम चिकटवलेलं असतं, पण त्यावर चिखल-चोयट्या बसल्या की ते असून नसल्यासारखं. म्हणून गावोगावचे वायरमन आणि उद्यमनगरात काम शिकलेली पोरं स्वतः एलईडीचे लाल दिवे जोडून देतात. काम सोपं आहे आणि खर्चही फार नाही. फक्त त्यातल्या रेझिस्टन्समध्ये किती उष्णता होणार, याचा हिशेब आधी मांडायला हवा. असाच एक दिवा सुरुवातीपासून घेऊ. त्यात २४ लाल एलईडी आहेत आणि वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून येते.

## उष्णता कोणत्या व्होल्टची?

रेझिस्टन्समध्ये जाणारी शक्ती तीन पद्धतींनी लिहिता येते आणि तिन्हींचं उत्तर एकच येतं:

```
P = V × I
P = I² × R
P = V² / R
```

यातला `V` कोणता, इथेच गल्लत होते. तो बॅटरीचा व्होल्टेज नाही आणि एलईडीचाही नाही. बॅटरीच्या व्होल्टेजमधून माळेतल्या सगळ्या एलईडींनी आपापला वाटा घेतल्यावर जो उरतो, तो. या लेखात त्याला "उरलेला व्होल्टेज" म्हणतो. रेझिस्टन्सच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला की दिसतो तोच आकडा.

तिसरं सूत्र मला जास्त उपयोगाचं वाटतं, कारण त्यात वर्ग आहे. उरलेला व्होल्टेज दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि ट्रॅक्टरवर हा उरलेला व्होल्टेज सहज दुप्पट होऊ शकतो.

बाजारात मिळणारी तयार पांढरी एलईडी पट्टी घ्या, डब्यावर १२ व्होल्ट लिहिलेली. कात्रीने कापायच्या दोन खुणांमध्ये तीन एलईडी आणि एक चिमुकला काळा रेझिस्टन्स असतो. भिंगातून पाहिलंत तर त्यावर पुष्कळदा `151` असं वाचता येतं. १५ च्या पुढे एक शून्य, म्हणजे १५० ओहम. तीन पांढऱ्या एलईडी प्रत्येकी सुमारे ३.१ व्होल्ट घेतात, म्हणजे ९.३ व्होल्ट. पुरवठा बरोबर १२ असेल तर उरले २.७ व्होल्ट. त्यातून १८ मिलिअँपिअर वाहतात आणि रेझिस्टन्समध्ये जेमतेम ०.०५ वॅट जातो. सगळं ठीक.

हीच पट्टी ट्रॅक्टरवर लावा आणि इंजिन चालू करा. अल्टरनेटर बॅटरी भरायला लागला की तारांवर १४.४ व्होल्टच्या आसपास येतात. करंट वाढल्यावर एलईडीही थोडा जास्त व्होल्टेज घेतात, ते धरूनसुद्धा रेझिस्टन्सवर ४.८ व्होल्ट उरतात. करंट झाला ३२ मिलिअँपिअर आणि उष्णता ०.१५ वॅट, म्हणजे तिप्पट. तो रेझिस्टन्स दोन मिलिमीटर लांबीचा, ज्याला ०८०५ मापाचा म्हणतात तो असेल, तर त्याची क्षमता साधारण ०.१२५ वॅटची असते. पुरवठा फक्त २० टक्के वाढला आणि रेझिस्टन्स आपल्या मर्यादेबाहेर गेला. गाडीला लावलेल्या पट्टीचे तीन-तीन दिवे तुकड्यातुकड्याने विझत जातात, त्यामागे हे एक मोठं कारण असतं. पट्टी खराब निघाली म्हणून आपण दुकानदाराशी वाद घालतो, पण ती १२ व्होल्टसाठी होती आणि आपण तिला तेवढेच दिले नाहीत.

## आधी मोजा, मग आकडेमोड

दोन गोष्टी स्वतः मोजायच्या. पहिली, पुरवठा. ट्रॅक्टर चालू करून रेस थोडी वाढवा आणि ट्रॉलीच्या दिव्यासाठी वायर जिथून घेणार तिथे व्होल्टेज पाहा. रेग्युलेटर धडधाकट असेल तर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा येतो. १५ च्या वर दिसला तर दिवा बाजूला ठेवा आणि आधी रेग्युलेटर दाखवा, कारण तो बॅटरीही उकळवत असणार. मग इंजिन बंद करून, हेडलाइट लावून पुन्हा पाहा. तेव्हा १२ च्या आसपास दिसेल. म्हणजे आपला दिवा १२ ते १४.५ या पट्ट्यात चालायचा आहे. उष्णतेचा हिशेब नेहमी वरच्या आकड्यावर करायचा. खालच्या आकड्यावर फक्त एवढंच बघायचं, की बंद ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभा असताना दिवा पुरेसा पेटतो ना.

दुसरी गोष्ट म्हणजे एलईडीचा स्वतःचा व्होल्टेज. साध्या लाल एलईडीचा १.८ ते २.२ च्या दरम्यान असतो, पाकिटागणिक थोडा फरक पडतो. मल्टिमीटरच्या डायोडच्या खुणेवर ठेवून मोजू नका. तिथे फार कमी करंट वाहतो आणि आकडा कमी दिसतो. एक किलोओहमचा रेझिस्टन्स एलईडीच्या मागे लावून १२ व्होल्ट द्या, म्हणजे सुमारे १० मिलिअँपिअर वाहतील. मग थेट एलईडीच्या पायांवर मोजा. पाकिटातल्या चार-पाच एलईडी अशा तपासल्या तरी अंदाज येतो. आपल्या उदाहरणात २.० व्होल्ट धरू.

## एका माळेत किती एलईडी?

हा निर्णय वॅटच्या आधीचा आहे आणि वॅट त्यावरच ठरतात. एका माळेत जितक्या जास्त एलईडी घालाल तितका उरलेला व्होल्टेज कमी आणि रेझिस्टन्स थंड. मग पाच का नकोत?

पाच लाल एलईडी १० व्होल्ट खातात. इंजिन चालू असताना उरतात ४.५ आणि बंद असताना फक्त २. म्हणजे करंट सव्वादोनपट खालीवर होणार. चालू असताना झगझगीत आणि बंद केला की मिणमिणता. एलईडींचा व्होल्टेज किंचित जास्त निघाला तर फरक आणखी वाढतो. सहा घातल्या तर इंजिन बंद होताच दिवा जवळपास विझेल. तीनच घातल्या तर उजेड बराच स्थिर राहतो, पण निम्म्याहून जास्त वीज रेझिस्टन्स तापवण्यात जाते आणि २४ एलईडींसाठी आठ माळा, आठ रेझिस्टन्स लागतात.

माझं मत चारच्या बाजूने आहे. चार एलईडी ८ व्होल्ट घेतात, उरतात ६.५ आणि ४. करंट दीडपटीपेक्षा थोडा जास्त बदलतो, डोळ्याला ते खटकत नाही. २४ एलईडींच्या सहा माळा होतात.

## ओहम आणि वॅट

लाल एलईडीची मर्यादा सहसा २० मिलिअँपिअर असते. तिच्या अगदी टोकाला जायचं नाही, १८ धरू. खालच्या सूत्रात `Vs` म्हणजे पुरवठा, `n` म्हणजे माळेतल्या एलईडींची संख्या आणि `Vf` म्हणजे एका एलईडीचा व्होल्टेज:

```
R = (Vs − n × Vf) / I
R = (14.5 − 4 × 2.0) / 0.018 = 361
```

३६१ ओहमचा रेझिस्टन्स सहज मिळत नाही. जवळचे म्हणजे ३३० आणि ३९०. अशा वेळी वरचा घ्यायचा. ३९० घेतला की करंट होतो १६.७ मिलिअँपिअर आणि उष्णता:

```
P = 6.5² / 390 = 0.108
```

म्हणजे साधारण एक दशांश वॅट. ३९० ओहमच्या पाच टक्केवाल्या रेझिस्टन्सवर नारंगी, पांढरा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी असे पट्टे असतात. इंजिन बंद असताना त्यातून १० मिलिअँपिअर जातात आणि लाल दिव्याला रात्री तेवढे भरपूर झाले.

०.१०८ आणि पाव वॅट, म्हणजे ०.२५. कागदावर निम्म्याहून जास्त जागा शिल्लक आहे. इथे बरेचजण वही मिटतात. पण पाव वॅटचा अर्थ काय, हे आधी पाहू.

## पाव वॅट म्हणजे नक्की काय

कार्बन फिल्म किंवा मेटल फिल्मच्या साध्या रेझिस्टन्सवर पाव वॅट लिहिलेलं असतं, तेव्हा बनवणारा सहसा असं सांगत असतो: भोवतालची हवा ७० अंश सेल्सिअसपर्यंत असेल, हवा खेळती असेल, तर हा रेझिस्टन्स ०.२५ वॅट पेलेल. हवा त्याहून गरम झाली की क्षमता घटत जाते आणि पुष्कळ साध्या रेझिस्टन्सची १५५ अंशांना ती शून्य होते.

या दोन आकड्यांतून एक कामाची गोष्ट निघते. ७० अंशांच्या हवेत पूर्ण वॅट दिल्यावर रेझिस्टन्सचं अंग साधारण १५५ अंशांपर्यंत जातं. म्हणजे पूर्ण क्षमतेवर तो हवेपेक्षा सुमारे ८५ अंशांनी तापतो, निम्म्या क्षमतेवर ४२ अंशांनी आणि एक चतुर्थांशावर २१ अंशांनी. हा अंदाज आहे. पाय किती लांब ठेवले, बोर्डावर तांबं किती आहे, यावर तो खालीवर होतो. पण ठरवायला पुरतो.

आता आपला दिवा. पावसाचं पाणी आणि धूळ जाऊ नये म्हणून तो बंद डब्यात असतो, मागून सिलिकॉन भरलेलं. आत हवा हलत नाही. सहा माळा मिळून सुमारे दीड वॅट त्या डब्यात जातो, त्यातला थोडा उजेड होऊन बाहेर पडतो आणि बाकीची उष्णता होते. हंगामात रात्री बाहेर गारवा असला तरी आत ४० अंश धरावेत. पाव वॅटचा रेझिस्टन्स आपल्या क्षमतेच्या ४३ टक्के काम करतोय, म्हणजे ३७ अंशांनी तापेल, अंग ७७ अंशांवर. अर्धा वॅटचा घेतला तर २२ टक्के, १८ अंशांची वाढ, अंग ५८ अंशांवर.

७७ अंशांनी रेझिस्टन्स मरत नाही. पण त्याला टेकलेल्या साध्या पीव्हीसी वायरचं आवरण सहसा ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी असतं आणि आपली मंडळी जागेवर बसवायला जो गरम गोंद ओततात तोही त्या सुमारास मऊ पडायला लागतो. ट्रॉलीचे हादरे चालूच असतात. मग गोंद सुटतो, रेझिस्टन्स पायांवर हलतो, सोल्डरला चीर जाते आणि माळ उघडझाप करायला लागते. रेझिस्टन्स काढून मोजला तर चांगला निघतो, म्हणून दोष सापडत नाही.

नियम म्हणून सांगायचं तर मोकळ्या हवेत हिशेबाच्या दुप्पट वॅटचा आणि बंद डब्यात चौपटीच्या आसपासचा घ्या. आपल्या दिव्याला त्यानुसार अर्धा वॅट येतो.

## एक एलईडी शॉर्ट झाली तर?

अर्धा वॅट घ्यायचं याहून पक्कं कारण बिघाडात आहे. एलईडी मरते तेव्हा पुष्कळदा आतून तुटते आणि माळ विझते. ते बरं, निदान दिसतं. पण कधी ती शॉर्ट होते, किंवा बोर्डावर ओल धरून, सोल्डरचा थेंब पसरून तिचे दोन पाय जुळतात. मग तिच्या वाट्याचे २ व्होल्टही रेझिस्टन्सच्या गळ्यात पडतात.

एक शॉर्ट झाली की उरलेला व्होल्टेज ८.५, उष्णता ०.१८५ वॅट. दोन झाल्या तर १०.५ आणि ०.२८ वॅट. पाव वॅटवाला इथेच हद्दीबाहेर गेला. आणि माळेची दोन टोकंच एकमेकांना टेकली, तर पूर्ण १४.५ व्होल्ट रेझिस्टन्सवर येतात:

```
P = 14.5² / 390 = 0.54
```

पाव वॅटचा रेझिस्टन्स मग आपल्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त पेलतोय आणि वरच्याच हिशेबाने त्याचं अंग २२० अंशांच्या वर जायला बघतं. साधं शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंशांपासून वितळायला लागतं. वायरचं आवरण त्याच्या कितीतरी आधी गेलेलं असतं. अर्धा वॅटचा तेवढ्याच बिघाडात आपल्या रेटिंगच्या किंचित वर राहतो, अंग सव्वाशे-दीडशे अंशांच्या दरम्यान. चटका बसेल, रंग उडेल, पण डबा पेटणार नाही. ट्रॉलीवर पाचट असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पूर्ण निर्धास्त राहायचं असेल तर एक वॅटचा बसवा, जागा असेल तर काही बिघडत नाही.

"फ्यूज आहे की!" असं कोणी म्हणेल. त्या पूर्ण शॉर्ट माळेतूनही फक्त ३७ मिलिअँपिअर जातात. ट्रॅक्टरचा पाच-दहा अँपिअरचा फ्यूज त्याची दखलसुद्धा घेत नाही. फ्यूज वायरसाठी असतो, रेझिस्टन्सची काळजी रेझिस्टन्सच्या वॅटनेच घ्यायची.

## सहा माळांना एकच रेझिस्टन्स?

काम वाचवायला काहीजण सहाही माळा पॅरलल जोडतात आणि सगळ्यांच्या आधी एकच रेझिस्टन्स घालतात. हिशेब वरवर पाहता जमतो. १०० मिलिअँपिअर, ६८ ओहम, झालं. पण उष्णता बघा: ६.५ चा वर्ग भागिले ६८, म्हणजे ०.६२ वॅट, सगळी एका ठिकाणी. इथे पाव वॅटचा लावला तर तो पहिल्याच रात्री काळा पडतो. निदान दोन वॅटचा हवा आणि तो डब्यातल्या एकाच कोपऱ्याला भाजत राहणार.

त्याहून वाईट म्हणजे माळा करंट सारखा वाटून घेत नाहीत. जिच्या एलईडींचा व्होल्टेज थोडा कमी ती जास्त ओढते, जास्त तापते, तापल्यावर तिचा व्होल्टेज आणखी उतरतो आणि ती आणखी ओढते. ती गेली की तिचा वाटा बाकीच्यांवर येतो. म्हणून प्रत्येक माळेला स्वतःचा रेझिस्टन्स. सहा वेगवेगळ्या जागी एक दशांश वॅट पसरणं हे एका जागी सहा दशांश पेटवण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

## दुकानात आणि टेबलावर

मागताना "तीनशे नव्वद ओहम, अर्धा वॅट, मेटल फिल्म" असं पूर्ण सांगा. पट्ट्यांवरून ओहम कळतात, वॅट कळत नाहीत, ते आकारावरून ओळखायचे. पाव वॅटचं अंग साधारण सहा मिलिमीटर लांब आणि अर्धा वॅटचं नऊच्या आसपास. अर्धा वॅट म्हणून पाव वॅटच्याच मापाचा छोटा रेझिस्टन्सही मिळतो. तो खोटा असतोच असं नाही. उष्णता सहन करणारं मटेरियल वापरून तसा बनवता येतो. पण त्याचं अंग जास्त तापून ती क्षमता गाठतं, आणि आपल्याला अंग थंडच हवं आहे. बंद डब्यासाठी मोठ्या अंगाचाच मागा.

अर्धा वॅटचा मिळाला नाही तर पाव वॅटचे दोन ८२० ओहमचे पॅरलल जोडा. ४१० ओहम होतात आणि उष्णता निम्मी-निम्मी वाटली जाते. वेगवेगळ्या ओहमचे जोडाल तर वाटणी समान होत नाही: सिरीजमध्ये जास्त ओहमवाला जास्त तापतो, पॅरललमध्ये कमी ओहमवाला.

बसवताना रेझिस्टन्स बोर्डाला चिकटवू नका, चार-पाच मिलिमीटर वर उचलून ठेवा, म्हणजे त्याला खालूनही हवा लागेल. हादऱ्यांनी हलू नये म्हणून पाय बोर्डाजवळ वाकवून घ्या, आणि सिलिकॉन लावायचंच तर फक्त पायांच्या बुडाशी. अंगावर गरम गोंदाचा किंवा एम-सीलचा गोळा थापला की वरचा सगळा हिशेब बिघडतो. सहाही रेझिस्टन्स एका रांगेत खेटून लावू नका, प्रत्येक आपापल्या माळेजवळ असू द्या. ट्रॉलीला पिनेतून मिळणाऱ्या अर्थवर विसंबण्यापेक्षा दुसरी वायर ओढा. नाहीतर गंजलेल्या पिनेमुळे दिवा मिचमिचतो आणि तुम्ही उगाच रेझिस्टन्स बदलत बसता.

## जोडल्यावरची तपासणी

डबा बंद करून ट्रॅक्टर चालू ठेवा, दिवा अर्धा तास पेटू द्या. पहिल्या मिनिटाला काहीच कळत नाही. मग डबा उघडून लगेच, दिवा पेटता ठेवून, प्रत्येक रेझिस्टन्सच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. करंट मोजायला माळ तोडावी लागते, व्होल्टेजला नाही, म्हणून हीच पद्धत सोयीची. आलेल्या आकड्याचा वर्ग करून ३९० ने भागा, खरे वॅट हातात येतात.

तोच आकडा माळेची तब्येतही सांगतो. पुरवठा १४.५ असताना साडेसहाच्या आसपास दिसला तर सगळं ठीक. माळ पेटती असून साडेआठ दिसला तर तिच्यातली एक एलईडी शॉर्ट आहे. शून्य दिसला तर माळ कुठेतरी तुटली, किंवा एलईडी उलटी बसली. साडेसहापेक्षा बराच जास्त आकडा दिसला आणि माळ पूर्ण विझलेली असली, तर दोन शक्यता: माळेची टोकं जुळली आहेत किंवा रेझिस्टन्सच तुटला आहे. वीज काढून ओहम मोजले की उलगडा होतो.

हंगाम संपल्यावर दिवा उघडलात तर रेझिस्टन्सच्या खालचा बोर्ड पाहा. पिवळट-तपकिरी डाग पडला असेल तर तो बराच काळ गरम राहिला आहे. नारंगी पट्टा तपकिरी दिसायला लागला असेल तरी तेच. अशावेळी पट्टे वाचून नवीन रेझिस्टन्स आणू नका, रंग भाजून बदललेले असतात. हिशेब पुन्हा करा.

## रेझिस्टन्स कुठे थांबवावा

शेतात रात्री ऊस भरताना लागणारा पांढरा झोतही काहीजण याच पद्धतीने करतात. एक-एक वॅटच्या तीन पांढऱ्या एलईडी, मागे रेझिस्टन्स. तीन मिळून ९.६ व्होल्ट, १४.५ वर उरतात ४.९. ३०० मिलिअँपिअरसाठी १६ ओहम येतात, म्हणून १८ चा घेतला. करंट २७० मिलिअँपिअर, उष्णता १.३ वॅट. दुपटीच्या नियमाने तीन वॅटचा चालेल, पण मी पाच वॅटचा पांढरा चौकोनी सिमेंटचा रेझिस्टन्सच सुचवेन, तोही प्लास्टिकपासून दूर, पत्र्याला टेकवून. पाच वॅटचा असूनही त्याला बोट लावून ठेवता येणार नाही. जास्त वॅटचा घेतला म्हणून उष्णता कमी तयार होत नाही, ती फक्त मोठ्या अंगावर पसरते.

आणि इंजिन बंद केल्यावर? उरले २.४ व्होल्ट, करंट १३० मिलिअँपिअर, उजेड निम्म्याच्या आसपास. ऊस भरताना ट्रॅक्टर बहुतेक बंदच असतो. म्हणजे उजेड हवा तेव्हा तो कमी आणि रेझिस्टन्स तापतो तो रस्त्यावर चालताना. एक-दीड वॅटच्या पुढे रेझिस्टन्स जायला लागला की मी तो सोडून देतो आणि करंट स्थिर ठेवणारा तयार एलईडी ड्रायव्हर लावतो. मात्र १२ व्होल्टवर तीन पांढऱ्या एलईडी चालवायला त्याला स्वतःसाठी किती व्होल्ट वरचे लागतात, ते घेण्याआधी विचारा. काही स्वस्त ड्रायव्हरना दोन-अडीच व्होल्टही पुरत नाहीत, मग तिनाऐवजी दोन-दोन एलईडींच्या माळा कराव्या लागतात. २४ व्होल्टच्या ट्रकसाठी तर सुरुवातच ड्रायव्हरने करावी. आणि घरच्या २३० व्होल्टवर रेझिस्टन्स लावून माळ पेटवण्याचा विचारही करू नका. तिथे प्रश्न फक्त वॅटचा राहत नाही, हात लागला की शॉक बसतो.